गिरणीवरचा फोन, २२ महिन्यांनी: एक बटण मळलं होतं, दुसरं मेलं होतं

हा फोन साधारण १८ हजारांना घेतला, त्याला आता २२ महिने झाले. कॅमेरा आणि बॅटरीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला छळलं ते बाजूच्या बटणांनी, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण आतली रचना बहुतेक फोनमध्ये सारखीच असते.

माझी कराडजवळ पिठाची गिरणी आहे. फोन दिवसभर सदऱ्याच्या खिशात असतो आणि खिशात त्याच्याबरोबर पीठही असतंच. पिठात घाम मिसळला की कणीक होते आणि ती वाळली की सिमेंट. कव्हर आहे म्हणून मी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात पीठ साठत होतं ते कव्हराच्या आतच.

सातव्या महिन्यात आवाज कमी करायचं बटण अडकलं. आधी रिंग ऐकू येईना. मी म्हटलं, गिरणीच्या घरघरीत राहून गेली असेल. मग स्क्रीनवर आवाजाची पट्टी आपोआप यायची आणि शून्यावर जाऊन बसायची. फोन बंद करून चालू केला, तर कोपऱ्यात "Safe mode" आणि पैसे घेण्याचं ॲप गायब! समोर दळण घेऊन चार बायका उभ्या. मला वाटलं व्हायरस. पुन्हा बंद-चालू केला, पुन्हा तेच. संध्याकाळी भाचा आला आणि हसला. "मामा, चालू होताना आवाज कमीचं बटण दाबलेलं असलं की बरेच फोन असेच उठतात. तुमचं बटण आतच बसलंय."

खरंच आत बसलं होतं. नखाने उचकटलं की कुरकुरत वर यायचं. पण एकदा वर आलं की दाबल्यावर स्पष्ट 'टिक' लागायची. ही टिक तेव्हा मी मनावर घेतली नाही, आणि पुढे तेच महागात पडलं.

आधी माझा शहाणपणा सांगतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. पीठ तेलात भिजलं आणि बटण आणखी घट्ट झालं. मग भाच्याने नीट केलं. फोन बंद, कव्हर बाजूला, बटणाची कड जमिनीकडे, म्हणजे सुटलेली घाण आत न जाता खाली पडते. लहान मुलाचा मऊ टूथब्रश कोरडाच घेऊन बटणाभोवतीच्या फटीत फिरवला. लाकडी काडी चिरून पातळ केली आणि कडेने एकदा नेली. सुई नको म्हणाला, आत रबराची कड असली तर फाटते. तोंडाने फुंकायचंही नाही, थुंकीची वाफ आत जाते. शेवटी मोबाईलवाल्यांकडे मिळतं ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही फोनवर न ओतता ब्रशवर दोन थेंब, आणि बटण तीस-चाळीस वेळा दाबायचं. आयपीएने तेलकटपणा गेला. वाळलेली कणीक त्यात विरघळत नाही, ती कोरड्या ब्रशनेच निघाली. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. अर्धा तास वाळवून फोन चालू केला. ते बटण पुन्हा अडकलं नाही. तेव्हापासून कव्हर दर रविवारी काढून झटकतो.

सोळाव्या महिन्यात, पावसाळा संपता संपता, पावरचं बटण बिघडलं. मला वाटलं पुन्हा पीठच. तीन आठवड्यांत तीनदा साफ केलं आणि काडीचाही फरक पडला नाही. हे बटण अडकत नव्हतंच. दाबलं की मुकाट परत वर यायचं, फक्त टिक गेली होती. मऊ खोडरबर दाबल्यासारखं लागायचं, पाच वेळा दाबलं की एकदा स्क्रीन उजळायची. पुढे ते स्वतःहूनच दाबलं जायला लागलं. खिशात स्क्रीन पेटायची, फोन मध्येच पुन्हा सुरू व्हायचा. एका रात्री तर कपाटातून भोंगा वाजला. पावर लागोपाठ पाच वेळा दाबली गेली असं समजून फोन ११२ ला लावायच्या बेतात होता, उलटी मोजणी चालू होती. धावत जाऊन रद्द केलं. ज्यांचं पावर बटण भरकटलंय त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत सेटिंगमधलं "Emergency SOS" बंद ठेवावं, पोलिसांना उगीच त्रास नको.

भाच्याने कंप्युटरला फोन जोडून हे बघितलं ("USB debugging" चालू असावं लागतं):

```
adb shell getevent -l
```

फोन टेबलावर, कोणाचा हात नाही, तरी ओळी पडत होत्या: `KEY_POWER DOWN`, लगेच `KEY_POWER UP`, पुन्हा `DOWN`. बटण मळाने रुतलं असतं तर एकच `DOWN` येऊन ते उचकटेपर्यंत `UP` आलं नसतं, असं तो म्हणाला. कव्हर काढूनही ओळी थांबल्या नाहीत, म्हणजे कव्हराचा दाबही नाही.

स्टँडजवळच्या दुकानात फोन उघडला तेव्हा सगळं डोळ्यांनी पाहिलं. बाहेर दिसतं ते बटण म्हणजे नुसती टोपी. तिच्यामागे एका पातळ पट्टीवर, म्हणजे ऑन-ऑफ फ्लेक्सवर, बारीकसा स्विच असतो. त्यात पत्र्याची इवलीशी घुमटी. दाबलं की ती लचकते आणि सोडलं की उसळते, तीच टिक. दुकानातल्या पोराने भिंगाखाली दाखवलं: पावरच्या घुमटीशेजारी हिरवट डाग. "काका, ओल गेली आतमध्ये. ब्रश मारून ही घुमटी परत उसळणार नाही." टोपी वर येते की नाही हे मळाचं लक्षण आणि टिक येते की नाही हे स्विचचं, एवढं मला आधी कळलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. वरून लावलेलं आयपीए आतल्या आत काय करून गेलं, ते वेगळंच.

कंपनीच्या केंद्रात १,९०० सांगितले होते, इथे ४५० घेतले. पाठ गरम करून सोडवली, आधी बॅटरीची जोडणी काढली, जुनी पट्टी काढून नवी चिकटवली. आवाजाची बटणंही त्याच पट्टीवर असल्याने तीही नवी झाली. पट्टी यायला चार दिवस लागले, तोवर स्क्रीनवर दोनदा टिचकी मारून फोन उठवायचो आणि "Accessibility Menu" मधून लॉक करायचो. बॅटरी संपू दिली नाही, कारण बंद पडलेला फोन उठवायला शेवटी पावर बटणच लागतं. माझ्या फोनला बोटाचा ठसा स्क्रीनखाली आहे म्हणून काम स्वस्तात झालं. ज्यांचा ठसा पावर बटणावरच आहे त्यांनी पट्टी बदलल्यावर ठसा चालेल का, हे आधी विचारून घ्यावं.

बदलून सहा महिने झाले. टिक पहिल्यापेक्षा जरा कडकच लागते. पाठ मात्र पहिल्यासारखी बसलेली नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात नख जाईल एवढी फट राहिलीय, त्यामुळे पाण्यापासूनचं संरक्षण गेलं असंच मी धरतो. पावसात फोन आता दुधाच्या धुतलेल्या पिशवीत असतो. बायको हसते, हसू दे.