चॅट मेलवर न्यायची: एक्सपोर्ट करून की सारांश लिहून?

भोसरीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर ठरतात आणि भांडणंही तिथेच होतात. गेल्या वर्षी एका फरसाणवाल्या शेठनी ३००० खोकी सांगितली, तीन प्लाय म्हणजे तीन थरांची, २२ रुपये नग. चार दिवसांत तीनाचे पाच प्लाय झाले आणि दर ३१ वर गेला. पाच प्लायचा होकार व्हॉइस नोटमध्ये आला, दराच्या मेसेजवर नुसती अंगठ्याची रिॲक्शन. जीएसटी सोडून ९३ हजारांचं बिल गेल्यावर शेठ म्हणाले, "अहो, २२ ठरले होते ना!"

तेव्हापासून मोठी ऑर्डर बदलायला लागली की मी ती मध्येच मेलवर नेतो. त्याचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही मी वापरून पाहिलेत.

पहिला रस्ता म्हणजे चॅटमधल्या मेनूतून Export chat करून आलेली फाइल मेलला जोडायची. दोन मिनिटांचं काम, शिवाय काही वगळलंय असा आरोपही होत नाही. पण ती फाइल उघडून बघा. मीडियाशिवाय घेतली, तर शेठच्या व्हॉइस नोटच्या जागी `<Media omitted>` एवढंच दिसतं. कुणी आपला मेसेज दाबून त्याला उत्तर दिलं असेल, तर तो मूळ मेसेज फाइलमध्ये उत्तराला चिकटून येत नाही. नुसतं "हो चालेल" उरतं. कशाला चालेल, ते वर शोधत बसायचं. अंगठा तर उतरतच नाही. म्हणजे माझ्या भांडणात जे दोन होकार कामाचे होते, नेमके तेच गायब. नावंही माझ्या फोनमध्ये सेव्ह केलेलीच येतात. शेठ तिथे "फरसाण चाकण" आहेत, हा नंबर कुणाचा ते फाइल सांगत नाही. आणि साधी टेक्स्ट फाइल कुणीही बदलू शकतं.

एक अडचण त्याआधीचीच. समोरच्याने Advanced chat privacy चालू केलं असेल तर एक्सपोर्ट होतच नाही. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर उशीर करून चालत नाही. त्यात २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असे पर्याय आहेत.

दुसरा रस्ता सारांशाच्या मेलचा. यात चॅट न्यायची नाही, ठरलेलं तेवढं न्यायचं. त्या ऑर्डरला मी असं लिहायला हवं होतं:

"विषय: ३००० खोकी, ५ प्लाय, दर व डिलिव्हरी
नमस्कार शेठ, ३ ते ६ जूनमध्ये व्हॉट्सॲपवर ठरलं ते असं. तीनऐवजी पाच प्लाय (तुमची व्हॉइस नोट, ५ जून, सकाळी ११.२०). दर २२ ऐवजी ३१ रुपये, जीएसटी वेगळा. १५०० नग १६ जूनला, उरलेले २३ ला. छपाईचा रंग अजून ठरलेला नाही. यापुढे दर, नग किंवा तारीख बदलली तर याच मेलला उत्तर देऊन कळवू. बरोबर असल्यास 'मान्य' लिहून पाठवा."

यात जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वाद तिथेच होतो. जे ठरलेलं नाही तेही लिहायचं, नाहीतर गप्प राहिलेली गोष्ट नंतर दोघांनाही आपापल्या सोयीने आठवते. विषय मात्र पुढे बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की नवी साखळी सुरू होते आणि दर एकीकडे, तारीख दुसरीकडे जाते.

या रस्त्याचा दोष उघड आहे: सारांश मी लिहिलेला, म्हणजे माझ्या बाजूचा. उत्तर आलं नाही तर तो होकार धरता येत नाही. शेठ मेल उघडतच नाहीत, म्हणून मी लगेच व्हॉट्सॲपवर टाकतो, "शेठ, मेल पाठवलाय, तिथेच 'मान्य' लिहा." तरी नाहीच आलं तर कागद कापायला घेत नाही. एकदा घेतला होता.

मेल कोर्टात आपोआप भारी ठरतो, हा मात्र गैरसमज आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे चॅट असो वा मेल, छापील प्रत पुरावा म्हणून देताना ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. त्यासाठी मूळ चॅट फोनमध्येच राहू द्यावी. फोन बदलताना बॅकअप पुन्हा नीट उतरला का ते पाहूनच जुना विकावा.

रोजच्या कामाला मी सारांशच निवडतो. एक्सपोर्टही घेतो, पण मीडियासकट आणि त्याच दिवशी, संगणकावर ऑर्डरच्या फोल्डरमध्ये ठेवायला. शेठना पाठवत नाही. पन्नास पानं आली की माणूस वाचायचं सोडून देतो आणि मग "मान्य" कशाला म्हणतोय ते त्यालाही ठाऊक नसतं. हजार-दोन हजारांच्या नेहमीच्या ऑर्डरला यातलं काहीच करत नाही. तिथे अंगठा पुरतो.