अकरा महिने आणि तीन वेळा ऑइल: डब्यावरचे ५०० तास माझ्या ट्रॅक्टरला का झेपले नाहीत

ट्रॅक्टर ४५ एचपीचा, तीन सिलिंडरचा, टर्बो नसलेला. चेंबरमध्ये साडेसात लिटर ऑइल बसते. यवतमाळ जिल्ह्यातली काळी जमीन, स्वतःचे वावर थोडे आणि भाड्याचे काम जास्त. मे-जूनमध्ये रोटाव्हेटर, ऑक्टोबरपासून सोयाबीनचे थ्रेशर, मग तूर. कंपनीच्या पुस्तकात २५० तासांना ऑइल बदला असे लिहिले आहे. गेल्या मे महिन्यात दुकानदाराने १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचे ऑइल दिले. डब्यावर लाँग ड्रेन, ५०० तास असे छापलेले. "पाचशे तास डोळे झाकून चालवा भाऊ," असे वरून सांगितले. डोळे झाकायची माझी तयारी नव्हती, म्हणून दर काही तासांनी नमुना काढून नागपूरच्या एका लॅबला पाठवत गेलो.

पहिली ठेच तिथेच लागली. डब्याच्या माहितीपत्रकात टीबीएन १०.४ होता. टीबीएन म्हणजे आम्ल मारायला ऑइलमध्ये किती अल्कली शिल्लक आहे त्याचे माप; एक ग्रॅम ऑइलमधली अल्कली किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तोडीची, तो आकडा. १२५ तासांच्या नमुन्याचा रिपोर्ट आला ७.१. म्हटलं, एवढ्यात तिसरा हिस्सा संपला? लॅबच्या माणसाला फोन केला तेव्हा उलगडा झाला. नव्या ऑइलचा आकडा बहुतेक डी २८९६ पद्धतीने काढतात, त्यात तीव्र आम्ल वापरतात. वापरलेल्या ऑइलला बरेचदा डी ४७३९ लावतात, आणि त्याच ऑइलचा आकडा त्यात कमी येतो. मग डब्यातले कोरे ऑइल त्याच पद्धतीने तपासून घेतले, ते ८.९ निघाले. म्हणजे खरी घट ८.९ वरून ७.१. ऑइल तपासणार असाल तर डब्यातले कोरे ऑइलही सोबत पाठवा, नाहीतर चांगले ऑइल फेकून द्याल.

पहिल्या भरतीत सगळे काम रोटाव्हेटर आणि ट्रॉलीचे झाले. २५० तासांना टीबीएन ५.४, ३५० तासांना ४.२. त्याच वेळी आम्लाचा आकडा, म्हणजे टॅन, कोऱ्या ऑइलच्या २.२ वरून ४.० वर चढला. एक आकडा उतरतोय, दुसरा चढतोय, आणि ३५० तासांना दोघे जवळजवळ भेटले. यापुढे आम्ल मारायला फारसे काही उरत नाही. मग ते बेअरिंगच्या धातूला लागते आणि ऑइलही झपाट्याने खराब होते. लॅबचा साधा हिशेब असा की टीबीएन निम्म्यावर आला की ऑइल सोडायचे. माझ्यासाठी निम्मे म्हणजे साडेचारच्या आत-बाहेर, साधारण ३२५ तास. त्यातही मधे एक लिटर वरून टाकले होते. त्या ताज्या लिटरने आकडा थोडा वर धरला असणार, म्हणून मी ३०० धरतो.

एक शंका माझीही होती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत आले. बीएस-३ ला ३५० पर्यंत चालायचे. गंधकच नाही तर टीबीएन उतरतो कशाने? तर गंधकाचे आम्ल आता खरेच कमी बनते, पण जळताना हवेतल्या नायट्रोजनपासून बनणारे आम्ल आणि तापून तापून ऑइल स्वतः आंबते ते, ही दोन्ही कामे चालूच राहतात.

दुसरी भरती ऑक्टोबरात केली, आणि या रिव्ह्यूचे खरे कारण तीच. सोयाबीन, मग तूर. ट्रॅक्टर एका जागी उभा, पीटीओवर थ्रेशर, चारही बाजूंनी कुटार उडतंय. जानेवारीत पहाटे स्टार्टर जड फिरायला लागला. थंडी आहे, बॅटरी असेल, म्हणून सोडून दिले. एकदा डिपस्टिक काढली तर ऑइल थेंब होऊन पडेना, लाळेसारखी तार धरून खाली आले. मीटरवर तेव्हा फक्त १८० तास झाले होते.

आमच्या मिस्त्रीभाऊंची चाचणी जुनी आहे: गरम ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाकायचा आणि कागद रात्रभर आडवा ठेवायचा. पहिल्या भरतीच्या थेंबाचा डाग मधून कडेपर्यंत एकसारखा राखाडी पसरला होता. या वेळी मधे रुपयाएवढा डांबरी काळा गोळा, त्याला कापल्यासारखी कड, आणि बाहेर नुसते पिवळसर तेल. काजळी जागेवरच बसली होती, तेल तेवढे पुढे गेले होते.

रिपोर्ट आला. टीबीएन ६.६, म्हणजे अगदी ठणठणीत. काजळी मात्र ३.६ टक्के, आणि १०० अंशांवरचा घट्टपणा १७.९. चाळीस ग्रेडची हद्द १६.३ च्या आत संपते, म्हणजे चाळीसचे ऑइल भरले आणि आत पन्नासचे फिरत होते. इंजिन झिजून ऑइलमध्ये उतरलेल्या लोखंडाचा आकडाही आधीच्या भरतीच्या जवळपास तिप्पट.

डिझेलचे ऑइल काळे होते म्हणून ते खराब झाले असे नाही, ते पहिल्या दिवसांतच काळे होते. काजळीचा कण मायक्रॉनहून बारीक असतो, कागदी फिल्टर त्याला पकडत नाही, आणि पकडायची गरजही नाही. ऑइलमधले डिस्पर्संट प्रत्येक कणाला वेगळे गुंडाळून तरंगत ठेवते. पण ते मोजकेच असते. ते सगळे कामाला लागले की पुढचे कण एकमेकांना चिकटतात, ऑइल घट्ट होते, आणि हेच गोळे कॅम-टॅपेटवरचा झीज थांबवणारा थर खरवडतात. फिल्टर टिनकात्रीने कापून पाहिला. घड्यांमध्ये बूटपॉलिशसारखा लगदा, बोटाने उचलता येईल इतका.

एवढी काजळी आली कुठून? मिस्त्रीभाऊंनी एअर क्लीनर उतरवला तेव्हा कळले. ऑइल बाथच्या वाटीत चिखल, आणि वरची तारेची जाळी कुटाराने भरून घट्ट. इंजिनाला हवा कमी आणि वरून थ्रेशरमध्ये पेंढ्या कोंबायची घाई, तेव्हा धुरांड्यातून काळा धूर निघत होता. त्यातली थोडी काजळी रिंगांवरून खाली चेंबरमध्येही जात होती. "धूर दिसत होता ना, मंग थांबवलं काऊन नाही?" ते म्हणाले. उत्तर नव्हते.

मीटरनेही फसवले. आमचा जुना यांत्रिक तासमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. मजूर जेवायला बसले आणि ट्रॅक्टर आयडलवर सोडला तर घड्याळाचा एक तास मीटरवर निम्माही भरत नाही, ऑइलला मात्र तो पूर्ण भोगावा लागतो.

तिसरी भरती जानेवारीअखेरची. उरलेली तूर आणि मग हरभरा, काम तेच थ्रेशरचे. फरक एवढाच की रोज संध्याकाळी वाटी उतरवून गाळ टाकायचा, जाळी डिझेलमध्ये धुवायची, खुणेपर्यंत नवे ऑइल भरायचे. पंधरा मिनिटांचे काम. १८० तासांना काजळी १.२ टक्के, घट्टपणा १५.१, टीबीएन ६.५. टीबीएन जवळजवळ दुसऱ्या भरतीइतकाच, आणि तरी हे ऑइल चालवण्याजोगे, ते नव्हते.

ऑइलला मी पाचपैकी चार देतो. एक गुण डब्यावरच्या त्या ५०० साठी कापला. रोटाव्हेटरला ३०० तास, थ्रेशरच्या हंगामात २००, आणि मधे शंभराला टिपकागद, असे माझे आता ठरले आहे. टिपकागदाला टीबीएन कळत नाही, म्हणून लॅब अजून सोडलेली नाही. आज मीटरवर या भरतीचे १९४ तास झालेत, कालच्या थेंबाची कड अजून मऊ आहे.