पासपोर्टचा फोटो घरीच कापताना : गिम्पचे आठ महिने

गेल्या आठ महिन्यांत घरच्यांचे आणि मित्रमंडळींचे मिळून अकरा पासपोर्ट फोटो मी गिम्प या फोटो-संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये कापले. सगळे ३५ × ४५ मिलिमीटरचे. पहिलाच परत आला, आणि त्यात चूक माझीच होती.

मोबाइलचा फोटो होता ३००० × ४००० पिक्सेलचा, म्हणजे प्रमाण ३:४. पासपोर्टचं प्रमाण मात्र ७:९. दोन्ही दिसायला इतकी जवळची, की मी फोटो न कापताच `Scale Image` मध्ये रुंदी-उंचीचं प्रमाण बांधून ठेवणारं साखळीचं चिन्ह तोडून ४१३ × ५३१ टाकलं. त्यामुळे चेहरा जवळपास पावणेचार टक्क्यांनी रुंद झाला. मला ते जाणवलंही नाही, पण जुन्या फोटोशेजारी ठेवल्यावर गाल लगेच डोळ्यांत भरले. तेव्हापासून ती साखळी मी कधीच तोडत नाही.

आता आधी डोकं मोजतो. `Measure` साधनाने हनुवटीपासून टाळूपर्यंत रेघ ओढली की खालच्या पट्टीत पिक्सेल दिसतात. टाळू म्हणजे कवटीचा माथा, फुगलेले केस त्यात धरायचे नाहीत. मागच्या महिन्यात बहिणीच्या फोटोत हे अंतर १२०० आलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांत चेहरा फोटोच्या उंचीच्या ७० ते ८० टक्के असावा असं आहे. काही देशांची मर्यादा वेगळी असते, म्हणून अर्जाची सूचना आधी वाचावी. मी ३३ मिलिमीटर धरतो. १२०० ला ४५ ने गुणून ३३ ने भागलं की १६३६ येतात, ते नऊच्या पटीत आणले की १६३८. रुंदी मग १२७४.

`Crop` मध्ये `Fixed` वर खूण करून `Aspect ratio` ला 7:9 लिहितो आणि चौकट त्या मापाची होईपर्यंत ओढतो. डोक्यावर १४६ पिक्सेल, म्हणजे साधारण चार मिलिमीटर, मोकळे सोडतो. मग आकार ४१३ × ५३१ करून रिझोल्यूशन इंचाला ३०० ठेवतो. गंमत म्हणजे ४१३ आणि ५३१ हे अनुक्रमे सात आणि नऊ गुणिले ५९, त्यामुळे प्रमाण अचूक जुळतं आणि साखळीला हात लावावा लागत नाही.

गिम्पचं हे मला फार आवडतं की चौकटीचं माप आकड्यांत समोर असतं, अंदाज करावा लागत नाही. पण मूळ फोटोत डोक्यावर जागाच नसेल तर त्याचाही इलाज नाही. म्हणून फोटो दीड मीटरवरून, खांद्यांच्या दोन्ही बाजूंना भरपूर भिंत ठेवून काढायला सांगतो. जवळून काढला तर नाकही मोठं दिसतं.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत 'पानात बसवा' हा पर्याय सुरू असेल तर सगळी मेहनत वाया जाते, कारण तो फोटो गुपचूप लहान-मोठा करतो. मूळ आकाराचा पर्याय निवडून एक प्रत काढतो, पट्टी लावतो, आणि रुंदी ३५ भरली तरच बाकीच्या प्रती छापतो.