सिझरच्या व्रणात निश: आत्ता, थांबून की आधी दुरुस्ती?

सिझरच्या टाक्याच्या जागी गर्भाशयाच्या आतल्या बाजूने २ मिमी किंवा त्याहून खोल खाच दिसली की सोनोग्राफी रिपोर्टमध्ये ‘निश’ किंवा ‘इस्थमोसील’ असं लिहून येतं. सिझर झालेल्या पुष्कळ जणींमध्ये ती सापडते आणि बऱ्याच जणींना तिचा काहीच त्रास नसतो. प्रश्न उभा राहतो तो पुढचं मूल हवं असताना.

एक उदाहरण घेऊ. वय ३५, बाळ ११ महिन्यांचं. पाळीचे चार दिवस ठीक जातात आणि मग पाच-सहा दिवस तपकिरी डाग लागत राहतात. पाळीचं रक्त खाचेत साचतं आणि हळूहळू झिरपतं, म्हणून हे डाग. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत खाचेची खोली ५.८ मिमी, तिच्याबाहेर उरलेला स्नायू २.४ मिमी आणि शेजारच्या निरोगी भिंतीची जाडी ८.२ मिमी आहे. गर्भाशयाच्या पोकळीत पाणी नाही.

यातला महत्त्वाचा आकडा उरलेल्या स्नायूचा. खोली ऐकून लोक घाबरतात, पण भिंत किती शिल्लक आहे ते या आकड्यावरून कळतं. इथे ती शेजारच्या भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. निम्म्याहून कमी उरली की निश मोठी धरतात. मात्र मोजमाप कोणत्या रेषेत घेतलं, प्रोब किती दाबला, यानेही आकडा थोडा हलतो, त्यामुळे २.४ आणि २.७ यांत फरक मानू नये.

आता थांबण्याबद्दल. अंतर मोजताना गोंधळ होतो. प्रसूती ते प्रसूती १८ महिन्यांपेक्षा कमी असेल, तर नॉर्मलच्या प्रयत्नात कळांच्या वेळी व्रण फाटण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना २४ महिने म्हणते, ते मात्र प्रसूतीपासून पुढची गर्भधारणा होईपर्यंतचे. आपल्या उदाहरणात आज दिवस राहिले तर प्रसूती बाळ २० महिन्यांचं असताना होईल, म्हणजे १८ महिन्यांची पहिली अट पाळली जाते. दुसरी पाळायची तर अजून १३ महिने थांबावं लागेल, तोवर वय ३६.

थांबल्याने शरीर सावरतं, पण निश भरून येत नाही. व्रण पहिल्या काही महिन्यांत पक्का होतो आणि जी खाच राहायची ती राहते. ‘अजून वर्षभर थांबा, बुजेल’ हा सल्ला मला पटत नाही. बाळ सहा महिन्यांचंही नसेल तर मात्र थांबाच.

तिसरा मार्ग दुरुस्तीचा, आणि त्यात दोन अगदी वेगळी ऑपरेशन्स येतात. हिस्टेरोस्कोपीत योनिमार्गातून दुर्बीण घालून खाचेची कड तासून रक्ताला वाट करून देतात. डाग कमी होतात, भिंत जाड होत नाही. उरलेला स्नायू ३ मिमीपेक्षा कमी असेल तर बहुतेक सर्जन हे टाळतात, कारण पलीकडे लगेच मूत्राशय असतं. लॅपरोस्कोपीत पोटातून दुर्बीण घालून खराब भाग कापून नव्याने टाके घालतात. भिंत जाड होते, पण नवा व्रण तयार होतो. त्यानंतर साधारण सहा महिने थांबायला सांगतात आणि पुढची प्रसूती बहुधा ठरवून सिझरनेच करतात. त्रास नसलेल्या बाईने केवळ ‘पुढे फाटू नये’ म्हणून हे करावं, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, पोकळीत सतत पाणी दिसत असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर पारडं दुरुस्तीकडे झुकतं. आपल्या उदाहरणात पाणी नाही आणि वंध्यत्वाचाही प्रश्न नाही. मी असते तर आधी प्रयत्न केला असता.

पण मग एक गोष्ट चुकवायची नाही. पाळी चुकली की शेवटच्या पाळीपासून मोजून सहाव्या-सातव्या आठवड्यात योनिमार्गातून सोनोग्राफी. निशमध्येच गर्भ रुजण्याची शक्यता कमी असते, पण तसं झालं तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो किंवा पुढे वार व्रणात घट्ट रुतून बसते. सुरुवातीला काहीच त्रास नसू शकतो. स्क्रीनवर वरची पोकळी रिकामी, गर्भाशयमुखाचा मार्ग रिकामा आणि गर्भाची पिशवी खाली समोरच्या भिंतीत, मूत्राशयाला खेटून दिसते. घाईत पाहिलं तर ‘गर्भपात होतोय, पिशवी खाली सरकली आहे’ असं वाटू शकतं. खरोखर पडत असलेली पिशवी प्रोबने हलकं दाबल्यावर सरकते आणि तिच्याभोवती रक्तप्रवाह दिसत नाही. व्रणातली जागची हलत नाही आणि तिच्याभोवती भरपूर प्रवाह असतो. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर ‘गर्भधारणा’ एवढंच नको. ‘आधीचं सिझर, निश आहे, पिशवी व्रणापासून किती दूर ते पाहावं’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.