टीडीएस कापला, पण भरलाच नाही: वीस हजारांची फसवणूक आणि बनावट १६ए

पुण्यातल्या एका इंटिरियर डिझायनरच्या बाबतीत घडलेला हा प्रकार फ्रीलान्स काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी एका खासगी कंपनीला २,००,००० रुपये फी अधिक ३६,००० रुपये जीएसटी असं बिल दिलं. खात्यात २,१६,००० आले. कलम १९४जे प्रमाणे फीवर १० टक्के, म्हणजे २०,००० रुपये टीडीएस कापला होता. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून तुमच्या नावाने सरकारकडे भरायचा आयकर. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापत नाहीत, म्हणजे हिशोब अगदी बरोबर होता आणि संशय यायला जागाच नव्हती.

फेब्रुवारीत त्यांनी टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, मागितलं. अकाउंट्स विभागाने लगेच पीडीएफ पाठवली: वर ‘फॉर्म १६ए’, खाली शिक्का आणि सही. ती फाइलला लागली. पुढे रिटर्न भरल्यावर आयकर खात्याची सूचना आली की २०,००० रुपयांची वजावट मान्य नाही, कर व्याजासह भरा. कंपनीने पैसे कापले होते, पण सरकारकडे भरलेच नव्हते. ती पीडीएफ ऑफिसातच टाइप केलेली होती.

खरा १६ए कोणाला टाइप करता येत नाही. पैसे कापणाऱ्याने आधी चलनाने कर भरायचा, मग तिमाहीचं २६क्यू विवरणपत्र दाखल करायचं आणि त्यानंतर ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस साइटवरून १६ए डाउनलोड करायचा. त्यावर ट्रेसेसचं बोधचिन्ह आणि प्रमाणपत्र क्रमांक असतो, कापणाऱ्याचा टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्यांना मिळणारा क्रमांक, आणि तुमचा पॅन असतो, आणि चलनाचा तपशील असतो: बँकेचा सात अंकी बीएसआर कोड, भरल्याची तारीख, चलनाचा अनुक्रमांक. चलनाचे रकाने रिकामे असतील किंवा ‘लवकरच भरू’ असं कळवलं असेल, तर तो कागद निरुपयोगी आहे. शिक्क्याला इथे काहीच किंमत नाही.

तरीही कागदावर थांबू नका. incometax.gov.in वर लॉगिन करून e-File, मग Income Tax Returns, मग View Form 26AS असं जा. तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद तिथे दिसते. कंपनीच्या नावासमोर तुमची रक्कम आणि Status of Booking मध्ये F दिसलं तर पैसे पोचले. U दिसलं तर विवरणपत्रात नोंद आहे, पण तिच्याशी जुळणारं चलन सापडलेलं नाही. नोंदच नसेल तर तीन शक्यता उरतात: कर भरला नाही, भरला पण २६क्यू दिलं नाही, किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकला. तिसरी चूक फार आढळते आणि दुरुस्ती विवरणपत्राने सुटते. म्हणून आरोप करण्याआधी चलनाचा तपशील आणि २६क्यूची पावती मागा. ज्याने कर भरलाय त्याच्याकडे ही दोन्ही असतात. ‘सीए बघतोय’ एवढंच उत्तर पुन्हापुन्हा येऊ लागलं की सावध व्हा.

मागायची वेळही ठरलेली आहे. नोव्हेंबरात कापलेला कर ७ डिसेंबरपर्यंत भरायचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचं २६क्यू ३१ जानेवारीपर्यंत द्यायचं आणि १६ए १५ फेब्रुवारीपर्यंत. बाकीच्या तिमाहींसाठी १६एची मुदत १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर आणि शेवटच्या तिमाहीसाठी १५ जून. रिटर्न भरायच्या आठवड्यात मागणी करणं म्हणजे उशीरच. ईमेलमध्ये बिल क्रमांक, तारीख, कापलेली रक्कम आणि आपला पॅन लिहा, आणि ‘ट्रेसेसवरून डाउनलोड केलेला १६ए पाठवा’ असं स्पष्ट म्हणा. फोनवरची आश्वासनं नंतर दाखवता येत नाहीत.

सगळ्यात मोलाचा पुरावा मात्र पैसे येतात त्याच दिवशी मिळवायचा असतो: ‘२,३६,००० पैकी २०,००० टीडीएस वजा’ असं लिहिलेली पेमेंट अ‍ॅडव्हाइस किंवा ईमेल. कारण या व्यवहाराच्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं की कर कापला गेला असेल तर तोच कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, मग कापणाऱ्याने तो भरलेला असो वा नसो. मुंबई उच्च न्यायालयानेही २००७ मध्ये हेच धरलं. पण कर कापला होता, हे दाखवावं लागतं तुम्हालाच. बिल, बँकेचं स्टेटमेंट आणि ती अ‍ॅडव्हाइस एकत्र असली की ते सोपं जातं. नाहीतर कंपनी ‘आम्ही फक्त सूट घेतली’ असंही म्हणू शकते.

मागणीची सूचना आली तर घाबरून भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. पोर्टलवर Pending Actions खाली Response to Outstanding Demand उघडा, मागणी मान्य नसल्याचा पर्याय निवडा आणि ही कागदपत्रं जोडा. त्याच वेळी कंपनीचा टॅन ज्या टीडीएस अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येतो त्याच्याकडे लेखी तक्रार करा; पोर्टलवरच्या Know TAN Details मध्ये ते कार्यक्षेत्र कळतं. तक्रारीत कलम २७६बी चा उल्लेख जरूर करा: २०२४ मध्ये त्याप्रमाणे कापलेला कर सरकारला न भरणं हा तीन महिने ते सात वर्षं कैदेचा गुन्हा होता. १६ए न दिल्याबद्दल रोज ५०० रुपये दंडही होऊ शकतो, अर्थात कराच्या रकमेपेक्षा जास्त नाही. या तक्रारीची प्रत कंपनीच्या अकाउंट्स विभागाला नव्हे, थेट संचालकांना पाठवा, कारण जबाबदारी त्यांच्यावर येते.