वखरावर वजनाला 25 मिमीचे छर्रे की 50 मिमीचे गोळे?

कडक काळ्या रानात वखराची पास वर उचलते, म्हणून आपण दगड ठेवतो. भंगारातले बेअरिंगचे भरीव गोळे त्याहून बरे, पेटीत मावतात.

वजन काढायला व्यास सेंटीमीटरमध्ये घ्या:

```
वजन (ग्रॅम) = 0.5236 × व्यास³ × 7.8
```

50 मिमीचा गोळा 510 ग्रॅम भरतो, 25 मिमीचा फक्त 64. व्यास निम्मा, वजन आठवा हिस्सा! दहा किलोला मोठे 20 पुरतात, लहान 157 मोजावे लागतात. मापात एक मिमी चुकला तर लहानात वजन 12 टक्के चुकतं, मोठ्यात 6. मी मोठेच घेईन. हिशेबापेक्षा काट्यावर बराच हलका भरला, तर गोळा पोकळ समजा.