कृषी पर्यटन नोंदणीच्या नावाखाली आमची कशी फसवणूक झाली

पन्हाळा तालुक्यात आमची अडीच एकर शेती आहे. अर्ध्याहून जास्त ऊस, बाकी भात आणि थोडी भाजी. गुऱ्हाळ सुरू झालं की शहरातली माणसं रस प्यायला, गूळ न्यायला यायचीच. मग मागच्या बाजूला तीन खोल्या बांधल्या आणि बायकोच्या नावाने कृषी पर्यटन केंद्र काढायचं ठरलं. केंद्र राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे नोंदवायचं एवढं माहीत होतं. कुठे आणि कसं, हे विचारत असताना कोल्हापुरात स्टेशन रोडजवळ बसणाऱ्या एका 'सल्लागारा'कडे कुणीतरी पाठवलं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. पण त्याची पद्धत लिहितो, कारण राधानगरी आणि शाहूवाडीकडच्या दोघांनी अगदी हाच अनुभव सांगितला.

पहिल्या भेटीत त्याने फारसं काही विकलंच नाही. सातबारा हातात घेतला, वरून खाली बघितला आणि म्हणाला, "भावा, जमीन आजोबांच्या नावावर आहे, वारस नोंद झालेली न्हाई. असा अर्ज पहिल्याच टेबलावर परत येतोय." हे शंभर टक्के खरं होतं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, वडील आणि दोन काका यांची नावं लागायची राहून गेलेली. दुखरी नस त्याने पहिल्याच झटक्यात पकडली, म्हणून पुढचं सगळं पटत गेलं. "ते मी मिटवतो, माझ्यावर सोडा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, फायरचं सर्टिफिकेट, अन्न परवाना, पर्यटनचं प्रमाणपत्र, सगळं मिळून पंचेचाळीस हजार. नोंदणी झाली की पस्तीस टक्के अनुदान."

आता यातलं खरं काय ते आधी सांगतो. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार वैयक्तिक शेतकऱ्याकडे किमान एक एकर शेती लागते. नोंदणीची सरकारी फी २,५०० रुपये. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, पुढचं नूतनीकरण १,००० रुपयांत होतं. अर्जासोबत सातबारा, आधार, पॅन, वीज बिल, फी भरल्याचं चलन आणि जेवण देणार असाल तर अन्न परवाना लागतो. छोट्या केंद्राला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरते, तिची फी वर्षाला १०० रुपये. म्हणजे त्याच्या पंचेचाळीस हजारांत सरकारी फी तीन हजारांच्या आसपास. बाकीचा त्याचा मेहनताना म्हणा, हरकत नाही, काम केलं असतं तर. आणि नोंदणी झाली म्हणून कुणाच्या खात्यात पस्तीस टक्के अनुदान येत नाही. 'आई' योजनेत पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलेला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं, पण त्यासाठी आधी बँकेने कर्ज द्यावं लागतं आणि ते वेळेवर फेडावं लागतं. एजंट या दोन गोष्टींची खिचडी करतात.

पैसे तीन हप्त्यांत गेले, तिन्ही वेळा यूपीआयने, एका खासगी खात्यावर. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी त्याने २,५०० रुपयांचं चलन व्हॉट्सॅपवर पाठवलं. महाकोषची खूण, बायकोचं नाव, खात्याचं नाव, सगळं जागच्या जागी. त्यानंतर महिन्याभरात रंगीत प्रमाणपत्र आलं, लॅमिनेशन करून. ते आम्ही फ्रेम करून ओसरीत लावलं.

बिंग फुटलं ते बँकेत. 'आई' योजनेतून कर्ज मागायला बायको गेली तेव्हा शाखेतल्या मॅडमनी प्रमाणपत्राकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे पाहणीला कोण आलं होतं?" कुणीच आलं नव्हतं. खरं तर इथेच सगळं आलं. पर्यटन विभागाचा माणूस जागेवर येऊन खोल्या, शेती, स्वच्छतागृह बघतो, त्यानंतर प्रमाणपत्र निघतं. बांधावर कुणी न येता नोंदणी झाली असेल तर ती झालेलीच नाही असं समजा. दुसरी गोष्ट मॅडमनीच दाखवली. खाली गोल शिक्का 'पर्यटन विकास महामंडळ, कोल्हापूर' असा होता. महामंडळ वेगळं आणि संचालनालय वेगळं. ही नोंदणी संचालनालय करतं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे त्यांच्या पुणे प्रादेशिक कार्यालयाकडे येतात. पुण्याला फोन करून क्रमांक सांगितला, तर त्या क्रमांकाने नोंद नव्हती आणि बायकोच्या नावाने अर्जही नव्हता.

मग घरी बसून एकेक कागद उलटा करून बघितला. तो सगळा प्रकार सविस्तर सांगतो, कारण हे कुणालाही घरबसल्या तपासता येतं.

चलनापासून सुरुवात केली. सरकारी चलनावर जीआरएन नावाचा लांबलचक क्रमांक असतो. सुरुवातीला MH, मग आकडे, शेवटच्या इंग्रजी अक्षराच्या आधी आर्थिक वर्ष. आमच्या चलनावर तारीख जून २०२४ ची होती आणि क्रमांकाचा शेवट 202223E. जून २०२४ ला भरलेल्या चलनाच्या शेवटी 202425 यायला हवं. म्हणजे कुणाचं तरी दोन वर्षांपूर्वीचं चलन घेऊन नाव, रक्कम आणि तारीख बदललेली, क्रमांक मात्र तसाच राहिलेला. gras.mahakosh.gov.in वर चलन शोधायची सोय आहे. तिथे आमचा क्रमांक आणि रक्कम टाकली तर काही सापडलं नाही. फी आपल्या मोबाईलवरून, आपल्या खात्यातून याच संकेतस्थळावर भरता येते, त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला तर गावातलाच. सही बघून संशय आला नसता, कारण ग्रामसेवकांची सही गावात हजार कागदांवर आहे, कुणीही गिरवावी. पण दाखल्यावर जावक क्रमांक होता ३१२. ग्रामपंचायतीत जाऊन जावक नोंदवही मागितली. ग्रामसेवकांनी पानं उलटली आणि त्या तारखेसमोर बोट ठेवलं. त्या दिवशी वही सत्तरच्या घरात होती. शिवाय आमच्या मागच्या खोल्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, चढलेल्याच नव्हत्या. "जे घर माझ्या वहीत न्हाई, त्याला मी दाखला देईन कसा?" हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

आगीच्या कागदाची गंमत वेगळीच. 'फायर एनओसी' म्हणून एका पानाचं प्रमाणपत्र आणि सोबत दोन लाल अग्निशामक सिलिंडर दिले होते. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे आणि बसवलेल्या साधनांचं नमुना 'अ' मधलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. तिचा परवाना क्रमांक त्यावर असतोच आणि एजन्सींची यादी अग्निशमन सेवा संचालनालयाकडे असते. आमच्या कागदावर नुसती सही आणि 'फायर कन्सल्टंट' एवढंच. सिलिंडरवरचं रिफिलचं स्टिकर नखाने उचकटलं तर खाली दुसरं निघालं, तीन वर्षं जुनं, कुठल्याशा पेट्रोल पंपाच्या नावाचं. काटा मात्र हिरव्या पट्ट्यात. मग वडिलांनी ते उचलून गुळाच्या काट्यावर ठेवलं. सिलिंडरवर भरलेल्या वजनाचा आकडा छापलेला असतो, त्यापेक्षा एक पावणेदोन किलोने आणि दुसरं त्याहून थोडं जास्त हलकं भरलं. दाब भरला होता, पावडरच कमी होती. पाहुणा खोलीत झोपलेला असताना चुलीची ठिणगी उडाली असती तर तो काटा हिरवाच राहिला असता. पैशांपेक्षा मला या गोष्टीचा जास्त राग आहे.

आणि वारस नोंद? ती त्याने 'मिटवली' म्हणजे वडील आणि काकांच्या सह्यांचं एक संमतीपत्र परस्पर तयार केलं होतं. धाकट्या काकांची सही मराठीत होती. ते आयुष्यभर इंग्रजीत सही करतात.

पोलीस ठाण्यात तक्रार देण्यापूर्वी ओळखीच्या वकिलांनी एक गोष्ट बजावली, ती इथे सांगायलाच हवी. बनावट कागद तुमच्या हातात आहे आणि तो बनावट आहे हे कळल्यावरही तुम्ही तो बँकेत, वीज कंपनीत किंवा पाहुण्यांना दाखवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० प्रमाणे गुन्हा तुमच्यावर येतो. त्यामुळे फ्रेम त्याच दिवशी उतरवली, बँकेला लेखी पत्र देऊन अर्ज मागे घेतला आणि पुण्याच्या कार्यालयालाही कळवलं. मूळ कागद फाडले नाहीत, ते पुरावा म्हणून पोलिसांकडे गेले. पैसे यूपीआयने गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण ती लगेच केली तरच समोरच्या खात्यातली रक्कम गोठण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत महिने उलटले होते.

सरळ मार्गाने काय करायचं होतं ते आता करतोय. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून. नोटीस निघाली, हरकतीसाठी पंधरा दिवस गेले, मग मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला आणि वडील-काकांची नावं सातबाऱ्यावर आली. यासाठी पंचेचाळीस हजार तर सोडाच, प्रवासाचा खर्च सोडला तर फारसं काही लागलं नाही. वेळ मात्र लागतो, आणि एजंट नेमका तो वेळ विकतो. काकांचं खरं संमतीपत्र घेतलं. मागच्या खोल्या नमुना ८ ला लावायचा अर्ज ग्रामपंचायतीत आहे, त्याचा ठराव झाला की दाखला मिळेल आणि मग पुण्याला अर्ज जाईल. सिलिंडर नवीन, बिलासह आणि वजन करून घेतले.

त्या माणसाचं स्टेशन रोडवरचं दुकान बंद आहे, पण नवीन नंबरवरून 'आठ दिवसांत पर्यटन प्रमाणपत्र' अशी जाहिरात परवाच एका ग्रुपवर फिरत होती. तुमच्याकडे असं प्रमाणपत्र असेल तर चलनावरचा जीआरएन आणि दाखल्यावरचा जावक क्रमांक आजच तपासा. बनावट निघालं तर आमच्यासारखी तक्रार द्या. एकाच माणसाविरुद्ध तीन-चार गावांतून तक्रारी आल्या की पोलिसांनाही ते प्रकरण बाजूला ठेवणं जड जातं.